आठ जणांच्या वर्कशॉपसाठी ‘कोण करणार, कोण मंजूर करणार, कोणाला सांगायचे’ हा तक्ता कसा बनवावा

मोठ्या कंपन्यांत या तक्त्याला ‘रेसी’ म्हणतात. एका बाजूला कामे, वर माणसे आणि प्रत्येक चौकटीत एक खूण: काम करणारा, त्याची जबाबदारी घेऊन होकार देणारा, ज्याला आधी विचारायचे तो आणि ज्याला नंतर सांगायचे तो. नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या बऱ्याच छोट्या युनिटांत हा तक्ता ग्राहकाच्या ऑडिटच्या आदल्या रात्री बनतो, कारण आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीत कलम 5.3 खाली जबाबदारी आणि अधिकार ठरवून सगळ्यांना कळवलेले असावे लागतात. ऑडिट झाले की तो फायलीत जातो आणि शॉपवर पूर्वीसारखेच चालते. इथे आपण रोज वापरता येईल असा तक्ता बनवणार आहोत.

उदाहरणाला एक सीएनसी टर्निंगचे युनिट घेऊ. माणसे आठ: मालक, प्रॉडक्शन सुपरवायझर, दोन सेटर-ऑपरेटर, एक क्वालिटी इन्स्पेक्टर, एक स्टोअर-डिस्पॅच सांभाळणारा, दुपारी दोनपर्यंत येणारा अकाउंटंट आणि एक हेल्पर. ऑर्डर आहे ईएन-8 बारमधून 400 बुशची. आतले भोक 20 एच-7, म्हणजे 20.000 ते 20.021 मिलिमीटर. वरून 8 मायक्रॉन झिंक प्लेटिंग, जे बाहेरच्या प्लेटरकडून करून घ्यायचे.

नुकसान नेमके कुठे होते

तक्ता बनवण्याआधी ही ऑर्डर कशी बिघडू शकते ते पाहू, म्हणजे पुढच्या प्रत्येक ओळीचे कारण कळेल.

सेटरने भोक 20.010 वर लावले, टॉलरन्सच्या अगदी मधोमध. प्लग गेज बरोबर चालते, पहिला पीस पास होतो, 400 पीस निघतात. मग माल प्लेटिंगला जातो. प्लेटिंगचा थर भोकाच्या सगळ्या भिंतीवर बसतो, त्यामुळे 8 मायक्रॉनच्या थराने भोक 16 मायक्रॉनने लहान होते. 20.010 चे झाले 19.994. आता गेजची ‘गो’ बाजू आत शिरत नाही आणि अख्खा लॉट अडकतो. प्लेटिंग उतरवा, भोक पुन्हा मारा, परत प्लेटिंगला पाठवा.

यात सेटरने ड्रॉइंगप्रमाणे काम केले, क्वालिटीने ड्रॉइंगप्रमाणे तपासले आणि प्लेटरने सांगितलेला थर दिला. ड्रॉइंगवरचे माप प्लेटिंगनंतरचे असेल, तर मशीनवर ते 20.016 ते 20.037 च्या दरम्यान ठेवायला हवे होते. हा हिशेब करायचे काम कोणाच्याच नावावर नव्हते. छोट्या टीममध्ये बहुतेक मोठी नुकसाने अशीच होतात. दोन माणसांच्या मधली जागा रिकामी राहते आणि दोघांनाही वाटते की समोरच्याने पाहिले असेल. तक्ता बनवायचा तो या रिकाम्या जागा सापडाव्यात म्हणून.

पहिली पायरी: एका ऑर्डरची वाट लिहून काढा

अख्ख्या कंपनीचा तक्ता करायला बसू नका. चाळीस ओळी होतील आणि कोणी वाचणार नाही. नुकतीच डिस्पॅच झालेली एक ऑर्डर घ्या, तिचे जॉब कार्ड, चलने आणि तपासणीचे कागद टेबलावर पसरा आणि ऑर्डर आल्यापासून गाडी गेटबाहेर जाईपर्यंत काम कुठे कुठे हात बदलते ते लिहा. बारा ते पंधरा ओळींत काम व्हावे. त्याहून जास्त झाल्या तर तुम्ही मशीनवरची प्रत्येक कृती लिहीत आहात. ती जागा प्रोसेस शीटची.

ओळ लिहिताना एक कसोटी लावा: हे काम झाले की नाही, याचे उत्तर कागद किंवा वस्तू दाखवून देता आले पाहिजे. ‘क्वालिटी सांभाळणे’ ही ओळ होऊ शकत नाही. ‘पहिला पीस पास करून जॉब कार्डवर सही करणे’ ही ओळ होते. ‘मटेरियल पाहणे’ चालणार नाही. ‘बारचा हीट नंबर टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवून माल आत घेणे’ चालेल.

थांबवणे आणि पुन्हा सुरू करणे या दोन वेगळ्या ओळी ठेवा, हे विशेष लक्षात ठेवा. माप बाहेर गेल्यावर मशीन थांबवायचा अधिकार मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला हवा, आणि तोही कोणाला न विचारता. सुपरवायझर फोन उचलेपर्यंत आणखी दहा पीस खराब निघतात. पण तीच मशीन परत चालू करण्याचा निर्णय एकट्या ऑपरेटरचा नको, कारण त्याच्यावर त्या दिवसाच्या आकड्याचा दबाव असतो. एकाच ओळीत दोन्ही घातले तर दोन्हींपैकी एक चुकीच्या माणसाकडे जाते.

दुसरी पायरी: वर नावे नकोत, कामाचे पद लिहा

रकान्यात माणसाचे नाव लिहिले की तो सोडून गेल्यावर तक्ता मेला. पद लिहा आणि तक्त्याखाली वेगळ्या ओळीत कोणत्या पदावर सध्या कोण आहे ते लिहा. आमच्या उदाहरणात दोन्ही सेटर एकाच रकान्यात येतात. हेल्परला रकाना दिलेला नाही, कारण त्याच्याकडे या ऑर्डरमधला कोणताही निर्णय नाही. तो स्टोअरवाल्याच्या सांगण्यावरून काम करतो.

तिसरी पायरी: खुणा भरा, पण या क्रमाने

चार खुणा पुरतात. ‘क’ म्हणजे करणारा. ‘मं’ म्हणजे मंजुरी देणारा. काम चुकले तर उत्तर त्याने द्यायचे. ‘वि’ म्हणजे निर्णयाआधी त्याला विचारायचे. ‘सां’ म्हणजे निर्णयानंतर त्याला सांगायचे.

नवखे लोक आधी ‘क’ भरतात, कारण ते सोपे असते. तसे करू नका. आधी फक्त ‘मं’ ची खूण वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीत भरा. एका ओळीत एकच ‘मं’, यात सवलत नाही. दोघांची मंजुरी ठेवली की पहिला सही करतो कारण दुसरा पाहणार आहे, आणि दुसरा सही करतो कारण पहिल्याने पाहिले आहे. भरताना एखाद्या ओळीवर वाद झाला, तर तीच तुमच्या शॉपमधली रिकामी जागा. तिथे थांबा आणि तोडगा निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर ‘क’, मग ‘सां’, आणि सगळ्यांत शेवटी ‘वि’.

‘वि’ हात आखडून वापरा. आठ जण एका छताखाली असतात, तिथे विचारणे तसेही चालूच असते. प्रत्येक ओळीत ‘वि’ टाकले की काम होकाराची वाट पाहत पडून राहते. ज्याची माहिती नसेल तर निर्णय चुकतोच, अशाच ठिकाणी ते ठेवा. आमच्या बारा ओळींत ते दोनच ठिकाणी आहे.

| काम | मालक | सुपरवायझर | सेटर | क्वालिटी | स्टोअर | हिशेब |
|---|---|---|---|---|---|---|
| 1. ड्रॉइंगची आवृत्ती तपासून जॉब कार्डवर लिहिणे, जुनी प्रत मशीनवरून काढणे | | क | सां | मं | | |
| 2. बार मागवणे | मं | | | | क | सां |
| 3. हीट नंबर जुळवून बार आत घेणे | | सां | | मं | क | |
| 4. प्लेटिंगआधीचे माप ठरवणे (प्लेटरला: वि) | | क | सां | मं | | |
| 5. पहिला पीस पास करून लॉट सुरू करणे | | सां | क | मं | | |
| 6. दर 25 व्या पीसचे माप लिहिणे | | मं | क | सां | | |
| 7. माप बाहेर गेल्यास मशीन थांबवणे | | सां | क+मं | सां | | |
| 8. थांबलेली मशीन पुन्हा सुरू करणे | | सां | क | मं | | |
| 9. नापास पीस: रीवर्क की स्क्रॅप | मं | क | | वि | | सां |
| 10. चलन करून माल प्लेटिंगला पाठवणे | | मं | | | क | सां |
| 11. प्लेटिंगनंतर अंतिम तपासणी | | सां | | क+मं | सां | |
| 12. बिल तपासून गाडी सोडणे | सां | | | | क | मं |

काही ओळी जवळून पाहू

चौथी ओळ म्हणजे वर सांगितलेली रिकामी जागा. सुपरवायझर माप काढतो, क्वालिटी ते मंजूर करून जॉब कार्डवर लिहितो, आणि सेटर ड्रॉइंगवरचे नव्हे तर जॉब कार्डवरचे माप लावतो. पाचव्या ओळीत पहिला पीस तपासतानाही क्वालिटी हेच माप धरतो, आणि मशीनवर त्या मापाचे वेगळे गेज देतो. ड्रॉइंगवरचे माप प्लेटिंगच्या आधीचे की नंतरचे हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ग्राहकाकडून लेखी उत्तर घेणे हेसुद्धा या मंजुरीचाच भाग. प्लेटर तुमच्या टीममध्ये नाही, तरी त्याच्यापुढे ‘वि’ आहे, कारण भोकाच्या आत थर सारखा बसत नाही. तोंडाशी जाड आणि मध्यभागी पातळ राहतो. म्हणून नुसत्या हिशेबावर 400 पीस काढण्याऐवजी पाच पीस आधी प्लेट करून आणायचे, मोजायचे आणि मग माप पक्के करायचे. या पाच पिसांचे मोजमाप जॉब कार्डाला जोडले की चौथी ओळ पूर्ण झाली, असे ठरवून टाका.

सातव्या आणि अकराव्या ओळीत ‘क+मं’ एकाच माणसाकडे आहे. सातवीचे कारण वर आलेच. अकरावीत क्वालिटी स्वतः केलेले काम मंजूर करत नाही. तो इतरांनी केलेले काम तपासतो, म्हणून चालते. हाच नियम पाचव्या ओळीला लावला तर तिथे चालत नाही, कारण सेटरने स्वतःच्याच सेटिंगला होकार दिला असता. करणारा आणि मंजूर करणारा वेगळे कधी हवेत हे ठरवायला एक प्रश्न पुरतो: हे चुकले तर ते लगेच दिसेल, की लॉट बाहेर गेल्यावर? लगेच दिसत असेल तर एक माणूस पुरे.

दहाव्या ओळीत हिशेबाला ‘सां’ का, असा प्रश्न पडेल. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट तयार माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच पुढे जावा लागतो. नाहीतर पाठवल्या दिवशीच तो पुरवला असे धरून कर लागतो. प्लेटरकडे मागे राहिलेले वीस-तीस पीस शॉपवर कोणाच्या लक्षात राहत नाहीत. अकाउंटंटकडे चलनाची नोंद असेल तरच ते सापडतात.

चौथी पायरी: बदली माणूस आणि मर्यादा

इथे आता तक्ता उभा मोजा. क्वालिटीच्या रकान्यात बारापैकी सहा ‘मं’ आहेत. म्हणजे हा एक माणूस आला नाही तर अर्धी वाट बंद. नाशिकमध्ये याला ठरलेला मोसम आहे: जानेवारी ते मार्च द्राक्षाची तोडणी चालते, आणि निफाड-दिंडोरीकडची घरची शेती असलेली मंडळी त्या काळात हमखास रजा घेतात. ती रजा मिळायलाच हवी. मग बदली आधी ठरवा.

बदली ठरवताना घाईत ‘क्वालिटी नसेल तर सुपरवायझर’ असे सरसकट लिहू नका. पहिल्या आणि चौथ्या ओळीत सुपरवायझर स्वतःच करणारा आहे. तिथे बदली मंजुरी मालकाची. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या ओळीत सुपरवायझर चालेल. अकराव्या ओळीत पुन्हा मालक, कारण लॉट वेळेत बाहेर काढायची घाई सुपरवायझरलाच सर्वांत जास्त असते. दुसरी पाळी असेल आणि क्वालिटी फक्त पहिल्या पाळीत असेल, तर रात्रीचा पहिला पीस कोण पास करणार हेही इथेच लिहा. ते लिहिले नाही तर ऑपरेटर स्वतःच पास करतो, आणि सकाळी जॉब कार्डवर मागाहून सही होते.

बाराव्या ओळीत वेगळी अडचण आहे. अकाउंटंट दोनला जातो आणि गाडी पाचला भरते. राज्याबाहेर 50 हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल पाठवताना ई-वे बिल लागते, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे; त्यामुळे बिल न तपासता गाडी सोडणे परवडत नाही. दोनपर्यंत बिल तयार असलेलीच गाडी त्या दिवशी जाईल, किंवा दोननंतर मालक मंजूर करतील, यांपैकी एक निवडा. तक्त्यात दोन्ही ठेवू नका.

मालकाच्या ओळींना रकमेची मर्यादा घाला. नऊ नंबरच्या ओळीत प्रत्येक खराब पीसासाठी मालकाला बोलावले तर पीस लाल पेटीत आठवडाभर साचतात. दहा पिसांपर्यंत क्वालिटीने ठरवावे आणि त्यापुढे मालकाने, असे काही लिहा. आकडा तुमच्या पीसच्या किमतीवरून ठरवा.

पाचवी पायरी: शीटमध्ये तपासणी लावा

तक्ता स्प्रेडशीटमध्ये असेल तर डोळ्यांनी मोजत बसू नका. A रकान्यात काम आणि B ते G मध्ये सहा पदे, अशी मांडणी धरली, तर पहिल्या कामापुढे H2 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=IF(AND(COUNTIF(B2:G2,"*मं*")=1,COUNTIF(B2:G2,"*क*")>=1),"ठीक","तपासा")
```

ताऱ्याच्या खुणेमुळे ‘क+मं’ असलेली चौकटही मोजली जाते. ‘तपासा’ आले तर त्या ओळीत मंजुरी देणारा नाही, दोन आहेत, किंवा करणाराच नाही. प्रत्येक रकान्याखाली, म्हणजे B15 पासून पुढे, हे लिहा:

```
=COUNTIF(B2:B13,"*मं*")
```

नव्या तक्त्यात हा आकडा बहुतेक वेळा मालकाच्या रकान्याखाली नऊ-दहा येतो. विश्वास नाही म्हणून तसे होते असे नाही. सवयीने सगळे मालकाला विचारतात आणि तक्त्यात तीच सवय उतरते. अशा वेळी प्रत्येक ‘मं’ पुढे मालकाने मागच्या महिन्यात खरोखर एकदा तरी ‘नाही’ म्हटले का ते विचारा. नेहमी ‘हो’च म्हणत असतील तर ती मंजुरी खाली द्या आणि मालकांना ‘सां’ ठेवा.

सहावी पायरी: ‘सां’ म्हणजे कसे आणि किती वेळात

तक्त्यातली सर्वांत दुर्लक्षित खूण हीच. ‘सां’ लिहिले आणि कसे सांगायचे ते ठरवले नाही, तर व्हॉट्सॲपच्या एकाच ग्रुपवर सगळे पडते: गुड मॉर्निंगचे फोटो, चहाची ऑर्डर आणि मशीन दोन बंद असल्याची बातमी. तीन प्रकार पुरेसे आहेत. मशीन थांबली (ओळ 7) तर लगेच फोन. पहिला पीस पास झाला (ओळ 5) तर जॉब कार्डवरची सही हेच सांगणे. वेगळा मेसेज नको. चलन आणि खरेदी (ओळी 2 आणि 10) यांचा फोटो त्याच दिवशी अकाउंटंटला. एका पदाकडे बारापैकी सात-आठ ‘सां’ जमले तर तो माणूस वाचणे सोडतो. आमच्या तक्त्यात सुपरवायझरकडे पाच आहेत, आणि त्यांपैकी दोन जॉब कार्डावरच भागतात.

टीमसमोर ठेवणे

कच्चा तक्ता तयार झाला की सगळ्यांना तासभर एकत्र बसवा. वाचून दाखवू नका. त्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या रकान्यातला एक प्रसंग विचारा. सेटरला: “दादा, रात्री नऊला माप 20.040 आले. काय करणार आणि कोणाला फोन लावणार?” स्टोअरवाल्याला: “बार आला, पण सर्टिफिकेट उद्या मिळेल म्हणतात. उतरवून घेणार?” उत्तर तक्त्याशी जुळले नाही, तर आधी तक्ताच चुकला असेल असे धरा. मशीनवरच्या माणसाला प्रत्यक्ष वाट जास्त माहीत असते. बार उतरवून लाल पट्टीच्या जागेत वेगळा ठेवायची पद्धत असेल, आणि तुम्ही ती लिहायला विसरला असाल.

मग एका चालू ऑर्डरवर तक्ता चालवून पाहा. प्रत्येक सही तक्त्यातल्याच माणसाची आहे का, ते ऑर्डर संपल्यावर जॉब कार्डावर तपासा. दुसऱ्याच माणसाची सही वारंवार दिसली, तर खरी मंजुरी तिकडे आहे. मग एक तर तक्ता बदला, नाहीतर ती सही थांबवा.

छापील प्रत ए-3 वर काढून जॉब कार्डांच्या स्टँडशेजारी लावा, कोपऱ्यात तारीख आणि आवृत्तीचा नंबर घाला. माणूस बदलला, नवी मशीन आली, बाहेरचे एखादे काम वाढले किंवा ग्राहकाची तक्रार आली की त्याच आठवड्यात संबंधित ओळ पाहा. नवी प्रत लावताना जुनी स्वतः उतरवून फाडा. सुपरवायझरच्या टेबलाच्या काचेखालची आणि क्वालिटीच्या फायलीतलीसुद्धा.